मुलीचं उत्तर ४३ आलं, क्लासचं १३६८. हेलियम आणि एसएफ सिक्सचा आरएमएस स्पीड, कोण बरोबर?

गिरगावकर

मंडळी, घरात दोन दिवस एकाच गणितावरून वाद चाललाय म्हणून इथे टाकतोय. मुलगी बारावी सायन्सला आहे, क्लासच्या टेस्टमध्ये प्रश्न होता की ३०० केल्विनला हेलियम आणि सल्फर हेक्साफ्लोराइड यांच्या रेणूंचा आरएमएस स्पीड काढा आणि दोघांचं गुणोत्तर सांगा. फॉर्म्युला तिला पाठ आहे, v = √(3RT/M), आर ८.३१४ घेतला, टी ३००, हेलियमचा एम म्हणजे मोलर मास ४ आणि एसएफ सिक्सचा १४६. उत्तर आलं ४३ मीटर पर सेकंद आणि ७.२ मीटर पर सेकंद. गुणोत्तर ६.०४. क्लासच्या आन्सर कीमध्ये १३६८ आणि २२६, आणि गुणोत्तर परत ६.०४च! म्हणजे गुणोत्तर तंतोतंत जुळतं आणि दोन्ही आकडे मात्र साफ वेगळे. तीन पैकी एकच मार्क दिला.

आता माझा मुद्दा असा की एम म्हणून ४ घालायला मीच तिला सांगितलं होतं, आम्ही ज्युनिअर कॉलेजला असताना ४च घालायचो, हे मला पक्कं आठवतंय, आणि उत्तरं बरोबर यायची. मग आत्ता चुकलं कुठे? आणि चुकलंच असेल तर गुणोत्तर बरोबर कसं येतं? पोरगी रडवेली झालीय, तिला नीट कारण सांगायचंय, नुसतं की मध्ये असंय म्हणून नाही.

बारावी_झाली

काका सोप्पंय, एम किलोग्रॅममध्ये घ्यायचा, ४ नाही ०.००४. मीपण मागच्या वर्षी हीच चूक केलेली. मेथड बरोबर आहे कारण रेशो बरोबर आलाय, खरं तर दोन मार्क तरी द्यायला पाहिजे होते. बाकी कन्सेप्ट एवढाच की हलका गॅस फास्ट, जड गॅस स्लो, म्हणून हेलियमच्या रेणूंकडे एनर्जी जास्त असते आणि म्हणूनच फुगा वर जातो.

परळच्या_बाई

बारावी_झाली, पहिलं वाक्य बरोबर, शेवटचं नाही, त्यावर येते नंतर. आधी गिरगावकरांचं, कारण त्यांची आठवण खोटी नाहीये.

मी अठ्ठावीस वर्षं फिजिक्स शिकवलंय, आणि मी स्वतः शिकले तेव्हा पुस्तकं सीजीएसमध्ये होती. तेव्हा एम ग्रॅममध्येच घालायचो, ४ म्हणजे ४. पण तेव्हा आर ८.३१४ नसायचा, ८.३१४ गुणिले दहाचा सातवा घात असायचा, अर्गमध्ये, आणि उत्तर यायचं सेंटिमीटर पर सेकंदात. करून बघा, हेलियमसाठी साधारण १,३६,८०० सेंटिमीटर पर सेकंद येतात, म्हणजेच १३६८ मीटर. तुमच्या लक्षात ४ राहिला, त्याच्या बरोबरचा आर आणि सेंटिमीटर मागे राहिले. आता मुलीने एम जुन्या पद्धतीचा घेतला आणि आर नव्या पद्धतीचा, दोघांचं जमलं नाही.

का जमत नाही ते तिला असं सांगा. ८.३१४ हा आकडा ज्यूलमध्ये आहे. एक ज्यूल म्हणजे एक किलोग्रॅम गुणिले मीटरचा वर्ग भागिले सेकंदाचा वर्ग. म्हणजे आरच्या पोटात किलोग्रॅम आधीच बसलाय. खाली ग्रॅम घातले तर वरचा किलोग्रॅम आणि खालचा ग्रॅम एकमेकांना कापत नाहीत, हजारचा फरक तसाच राहतो आणि मुळाखाली आहे म्हणून बाहेर येताना ३१.६ होऊन येतो. ४३.२५ ला ३१.६ ने गुणा, १३६८ येतात की नाही बघा. ७.१६ ला गुणा, २२६.

आणि गुणोत्तर बरोबर आलं कारण ती चूक दोन्हीकडे सारखीच झाली. भागाकार केला की ३१.६ वर आणि ३१.६ खाली, गेले उडून. गुणोत्तरात आर नाही, टी नाही, एकक नाही, फक्त १४६ भागिले ४ म्हणजे ३६.५ चं वर्गमूळ उरतं. म्हणून गुणोत्तर जुळलं म्हणजे आकडे बरोबर असं कधीच धरू नका. तिने टी म्हणून ३०० च्या जागी २७ घातले असते तरी गुणोत्तर ६.०४च आलं असतं!

गिरगावकर

बाई अगदी नेमकं सांगितलंत. सेंटिमीटर! हो, आठवलं, उत्तरं लाखात यायची. तिला आत्ताच हाक मारून दाखवलं, आता कॅलक्युलेटर घेऊन बसलीय. पण तिचा एक प्रश्न आहे, आणि मला बरोबर वाटतो, परीक्षेत आन्सर की हातात नसते, मग ४३ आलं तर ते चुकीचं आहे हे कळायचं कसं?

परळच्या_बाई

चांगला प्रश्न विचारला पोरीने. एक तपासणी मी कायम वर्गात करून घ्यायचे. आवाज गॅसमधून जातो तो रेणूंच्या धावपळीवरच जातो, रेणूच शेजारच्या रेणूला जाऊन धडकतो तेव्हा आवाज पुढे सरकतो, म्हणून आवाजाचा वेग रेणूंच्या आरएमएस वेगापेक्षा जास्त असूच शकत नाही, नेहमी थोडा कमीच असतो. हवेत आवाज साधारण ३४५ च्या आसपास, आणि हवेच्या रेणूंचा आरएमएस ३०० केल्विनला ५०८. हेलियमसारख्या एक अणूच्या गॅसमध्ये आवाज आरएमएसच्या पाऊणपट असतो, म्हणजे १०२० च्या आसपास. एसएफ सिक्समध्ये साधारण १३५.

आता ४३ बघा. हेलियम हवेपेक्षा हलका, म्हणजे त्याचा वेग ५०८ च्या वरच हवा, आणि आपण ४३ म्हणतोय. तिथेच पेन थांबायला हवं. हवेचे ५०० डोक्यात ठेवले की बाकी सगळे गॅस त्याच्या वर की खाली ते मनातच कळतं. एवढं एक पुरतं.

सबस्टेशनवाला

एसएफ सिक्सचं नाव बघून आलो, माझं रोजचं काम त्याच गॅसबरोबर आहे. मुंबईत जागा नाही म्हणून बरीच सबस्टेशनं बंदिस्त, गॅसवाली असतात, सगळा स्विचगिअर एसएफ सिक्स भरलेल्या अॅल्युमिनियमच्या नळ्यांत. बाईंच्या तपासणीत एक भर घालतो, आम्हाला एम आठवत नसला तरी चालतं. आरएमएस वेग म्हणजे तीन गुणिले दाब भागिले घनता, आणि त्याचं वर्गमूळ. हवेची घनता घनमीटरला १.१८ किलो धरा, दाब १,०१,३२५ पास्कल, तिप्पट करून १.१८ ने भागा आणि मूळ काढा, ५०७-५०८ येतात. यात ग्रॅमचा प्रश्नच येत नाही कारण घनता किलोतच बोलतो आपण. एसएफ सिक्सची घनता त्याच तापमानाला आणि दाबाला ५.९ च्या जवळ, हवेच्या पाचपट, म्हणजे वेग हवेच्या तुलनेत √५ ने कमी, २२६-२२७. झालं.

कुर्ल्याची_आई

मला एक विचारायचंय. आमच्याकडे बिल्डिंगमध्ये गॅस गळतीचं ट्रेनिंग झालं तेव्हा सांगितलं की सिलिंडरचा गॅस जड असतो म्हणून जमिनीवर बसतो, खिडकी उघडून खालूनच बाहेर ढकलायचा. मग हे जड रेणू हळू पळतात म्हणूनच खाली बसतात का? आणि हा एसएफ सिक्सपण तसाच खाली बसत असेल ना?

सबस्टेशनवाला

ताई, खाली बसतो हे खरं, आमच्याकडे त्यासाठीच केबल ट्रेंचमध्ये उतरायच्या आधी ऑक्सिजन मीटर लावतो, कारण एसएफ सिक्स विषारी नसला तरी खड्ड्यातली हवा ढकलून स्वतः भरून राहतो आणि माणूस गुदमरतो. पण कारण हळू पळणं हे नाही. तेवढ्याच जागेत एसएफ सिक्सचं वजन हवेच्या पाचपट, म्हणून गळती झाली की तो एकत्र लोंढा होऊन खाली वाहतो, पाण्यासारखा. एकदा का पंख्याने ढवळून हवेत मिसळला की परत आपोआप वेगळा होऊन खाली येत नाही. तुमच्या सिलिंडरच्या गॅसचंही तेच, म्हणून ट्रेनिंगमध्ये सांगितलं ते बरोबरच आहे, तसंच करा.

परळच्या_बाई

आणि हाच धागा धरून बारावी_झाली, तुझ्या एनर्जीवर येते. फुगा वर जातो तो घनतेमुळे, ताईंच्या सिलिंडरचं उलटं. आणि एनर्जी जास्त हे चूक. तू हिशोब करून बघ, वेगाचा वर्ग गुणिले वजन. हेलियम: १३६८ चा वर्ग साधारण १८ लाख ७१ हजार, त्याला ४ ने गुणलं की ७५ लाखांच्या जवळ. एसएफ सिक्स: २२६ चा वर्ग ५१ हजार, त्याला १४६ ने गुणलं की परत ७५ लाखांच्या जवळ. दोन्ही सारखे. एकाच तापमानाला कुठल्याही गॅसच्या रेणूंची धावण्याची सरासरी ऊर्जा सारखी असते, हलका जास्त पळून ती भरतो आणि जड वजनाने भरतो. तापमान म्हणजे तेच मोजणं. (एसएफ सिक्स स्वतःभोवती फिरतो, थरथरतो, त्याची वेगळी ऊर्जा असते, पण ती धावण्यात धरत नाही.)

बारावी_झाली

ओके बाई, आत्ता केलं, खरंच सेम आलं. मग टेम्परेचर २७ वरून ५४ डिग्री केलं तर ते डबल झालं म्हणजे स्पीड √२ पट, म्हणजे एसएफ सिक्स २२६ चा ३२० होईल ना?

परळच्या_बाई

डबल झालं का? शून्य कुठून मोजतोयस ते बघ. २७ डिग्री म्हणजे ३०० केल्विन आणि ५४ म्हणजे ३२७. ३२७ भागिले ३०० म्हणजे १.०९, मूळ १.०४४. वेग २२६ चा २३६ होईल, बस्स. तापमान डबल करायचंच तर ३२७ डिग्रीला न्यावं लागेल. वर मी म्हटलं होतं की गुणोत्तरात तापमान उडून जातं, पण ते दोन्ही गॅस एकाच तापमानाला असतील तरच. तापमान बदललं की सेल्सिअसची चूक लगेच बाहेर येते.

गिरगावकर

मुलगी विचारतेय सरासरी का नाही घेत सरळ? वर्ग करा, सरासरी काढा, परत मूळ काढा, हा द्राविडी प्राणायाम कशाला?

परळच्या_बाई

कारण दाब आणि ऊर्जा दोन्ही वेगाच्या वर्गावर चालतात, नुसत्या वेगावर नाही. तिला तीन रेणू घ्यायला सांगा, २००, ४०० आणि ९०० मीटर पर सेकंद. सरळ सरासरी ५००. पण वर्ग ४० हजार, १ लाख ६० हजार आणि ८ लाख १० हजार, त्यांची बेरीज १० लाख १० हजार, तीनने भागून मूळ काढलं की ५८०. तो एक ९०० वाला धडक मारतो तेव्हा त्याच्या वाट्याची ऊर्जा बाकी दोघांपेक्षा कितीतरी जास्त असते, त्याचं वजन हिशोबात यायलाच हवं. खऱ्या गॅसमध्ये फरक एवढा नसतो, सरासरी वेग आरएमएसपेक्षा साधारण आठ टक्क्यांनी कमी येतो, हेलियमचा १२६० च्या आसपास.

उदबत्ती_लालबाग

सगळं वाचलं, आकडे पटले पण एक गोष्ट मनाला पटत नाही. १३६८ सोडा, जड गॅसचे २२६ घ्या, म्हणजे तासाला आठशे किलोमीटर झाले. चर्चगेट ते विरार साठेक किलोमीटर, तो रेणू साडेचार मिनिटांत पोचेल आणि हेलियमचा पाऊण मिनिटात. मी रोज सकाळी देव्हाऱ्यात उदबत्ती लावते, दहा बाय दहाची खोली, पंखा बंद असेल तर दारातल्या माणसाला वास यायला चांगला मिनिटभर तरी जातो. मग हे रेणू एवढे धावतात तर वास इतका रेंगाळतो का? मला खरंच जाणून घ्यायचंय.

परळच्या_बाई

ताई, तुम्ही जे विचारलंत तेच १८५८ साली बाइस-बॅलट नावाच्या डच शास्त्रज्ञाने विचारलं होतं. त्याच्या आदल्या वर्षी क्लाउसियस या जर्मन शास्त्रज्ञाने हे शेकडो मीटरचे वेग मांडले होते, तेव्हा याने आक्षेप घेतला की मग वायू एकमेकांत इतके सावकाश का मिसळतात. आणि क्लाउसियसने त्याच वर्षी उत्तर दिलं, रेणू धावतो खरा पण सरळ जातच नाही.

आपल्या खोलीतल्या हवेत रेणू एका टकरीपासून दुसऱ्या टकरीपर्यंत सरासरी जेवढं जातो ते अंतर मिलिमीटरच्या दहा हजाराव्या भागापेक्षाही कमी आहे, आणि सेकंदाला सहा-सात अब्ज टकरा होतात. प्रत्येक टकरीत दिशा बदलते. गणपतीच्या गर्दीत तुमच्याच लालबागला माणूस किती भरभर पावलं टाकतोय याला अर्थ नसतो, पुढे किती सरकला ते बघावं लागतं, तसंच. खरं सांगायचं तर नुसत्या रेणूंच्या अशा भटकण्यावर सोडलं असतं तर तुमच्या दहा फुटांच्या खोलीत वास पसरायला कित्येक दिवस लागले असते. मिनिटभरात येतो तो उदबत्तीच्या गरम हवेच्या झोताने आणि तुमच्या चालण्याने हवा हलते म्हणून.

उदबत्ती_लालबाग

कित्येक दिवस! म्हणजे पंखा बंद असला तरी हवा स्थिर नसतेच. आता रोज धूर वर जाऊन कुठे फुटतो ते बघणार.

सबस्टेशनवाला

यावरून मलाच एक विचारायचंय बाई, कारण आमच्याकडे यावर वाद आहे. एसएफ सिक्सच्या टाक्या कारखान्यात गळती तपासायला हेलियमने भरतात, बाहेर मशीन हेलियम पकडतं. हेलियम का, तर तो हवेत जवळपास नसतोच, दहा लाखात पाच भाग, त्यामुळे जरा जरी सापडला तर गळतीचाच. आमचे एक साहेब नेहमी सांगायचे की हेलियम सहापट वेगाने पळतो, म्हणून हेलियमची जी गळती दिसेल तिला सहाने भागा, ती एसएफ सिक्सची. तो ६.०४ चाच आकडा. मी बरीच वर्षं डोळे झाकून भागत होतो.

परळच्या_बाई

तो भागाकार एकाच परिस्थितीत बरोबर, भोक टकरीतल्या अंतरापेक्षा लहान असेल तेव्हा. तिथे रेणू एकेकटा भोकाशी येतो आणि निसटतो, म्हणून जो जास्त वेळा भोकाशी येतो तो जास्त निसटतो, सहापट. पण भोक त्याहून मोठं असेल तर रेणू एकमेकांना ढकलत झुंडीने बाहेर पडतात, नळीतून पाणी जातं तसं, आणि तिथे गॅस किती दाटपणे वाहतो म्हणजे त्याची श्यानता ठरवते. आणि गंमत अशी की हेलियमची श्यानता एसएफ सिक्सपेक्षा जास्त आहे! म्हणजे अशा लांब बारीक फटीतून तेवढ्याच दाबाला एसएफ सिक्सच घनफळाने थोडा जास्त जाईल. आणि तुमच्या टाक्यांत दाब कित्येक बार असतो, तिथे टकरीतलं अंतर आणखी कमी, म्हणजे सहाने भागायची जागा आणखी अरुंद.

सबस्टेशनवाला

म्हणजे सहाने भागून आम्ही गळती कमी दाखवत होतो? आमच्याकडच्या गळत्या बहुतेक ओ-रिंगच्या खाचेतून किंवा कास्टिंगच्या बारीक छिद्रातून असतात. खाच म्हणजे लांब नळी झाली, ती तुमच्या दुसऱ्या प्रकारात. छिद्राचं मला सांगता येत नाही.

परळच्या_बाई

छिद्राचं मोजल्याशिवाय मलाही सांगता येणार नाही. एक करता येईल, दाब दुप्पट करून बघा. एकेकटे निसटत असतील तर गळती दाबाच्या प्रमाणात वाढेल, दुप्पट. झुंडीने वाहत असेल आणि बाहेर निर्वात असेल तर साधारण चौपट. मधलं काही आलं तर दोन्ही मिसळलंय.

बारावी_झाली

पण मग रबरी फुग्यातला हेलियम एका रात्रीत जातो तो या दोनांपैकी कुठला प्रकार? रबरात भोकं कुठेयत?

परळच्या_बाई

दोन्ही नाही. तिथे गॅस रबरात विरघळून पलीकडे निघतो, आणि त्यात नुसत्या वेगाचा हिशोब चालत नाही. कार्बन डायॉक्साइड नायट्रोजनपेक्षा जड, तरी रबरातून त्याच्यापेक्षा कितीतरी लवकर जातो कारण तो रबरात जास्त विरघळतो. हेलियम आणि एसएफ सिक्सचे दोन फुगे शेजारी ठेवले तर गुणोत्तर सहा येईल असं मी म्हणणार नाही.

गिरगावकर

मुलीने सगळं परत केलं, ०.००४ आणि ०.१४६ घालून, १३६८ आणि २२६ आले. मग स्वतःहून एक काढलं, एसएफ सिक्सला हेलियमचा १३६८ वेग द्यायचा तर किती तापवावं लागेल? ३०० गुणिले ३६.५, उत्तर १०,९५० केल्विन. विचारतेय हे खरंच करता येतं का? मार्कांचं क्लासला विचारायचं ठरलंय, बघू काय म्हणतात.

सबस्टेशनवाला

तिला सांगा आमच्या ब्रेकरमध्ये एवढं तापमान रोज होऊ शकतं. ब्रेकर उघडला की दोन टोकांमध्ये आर्क पेटतो, त्याच्या गाभ्यात दहा हजार केल्विनच्या वर जातं. पण तिथे एसएफ सिक्स उरतच नाही, रेणू फुटून सल्फर आणि फ्लोरिनचे सुटे अणू होतात, आणि आर्क विझून थंड झालं की बहुतेक परत जुळून एसएफ सिक्स होतात. थोडे जुळत नाहीत, ते आतल्या धातूशी जुळतात आणि त्यांची पांढरी पूड टाकीत बसते, ती विषारी असते म्हणून उघडताना मास्क आणि हातमोजे घालतो. म्हणजे १४६ चा रेणू १३६८ ने पळताना कुणाला सापडणार नाही.

गिरगावकर

आता ती म्हणतेय मग त्या तापमानाला एम कुठला घालायचा?

परळच्या_बाई

प्रत्येकाचा त्याचा त्याचा. फ्लोरिनचा ०.०१९, सल्फरचा ०.०३२. फ्लोरिनचे साधारण ३७९० यायला हवेत, सल्फरचे २९२०. तिला आधी करू दे, माझे आकडे नंतर दाखवा.